शिफारसपत्र मागताना सरांना काय द्यायचं?

उन्हाळी संशोधन इंटर्नशिपसाठी पत्र हवं असेल, तर अंतिम तारखेच्या किमान तीन आठवडे आधी विचारा, आणि तुमचं काम जवळून पाहिलेल्यांनाच विचारा. विभागप्रमुखांची सही वजनदार वाटते खरी, पण ऐंशी जणांच्या वर्गातल्या मुलीबद्दल ते 'हुशार आणि मेहनती' यापलीकडे काय लिहिणार?

"सर, माझ्या प्रोजेक्टवरून तुम्हाला सविस्तर पत्र लिहिता येईल का?" असं विचारलं की त्यांना नाही म्हणायलाही जागा राहते. आढेवेढे घेतले तर दुसऱ्यांकडे जा. नाइलाजाने लिहिलेलं पत्र कोरडंच असतं.

होकार आला की एकाच मेलमध्ये सीव्ही, गुणपत्रिका, इंटर्नशिपची माहिती, अंतिम तारीख आणि अर्ध्या पानाचं टिपण पाठवा. खरं काम हे टिपणच करतं. 'प्रयोगशाळेत चांगलं काम केलं' असं मोघम लिहू नका. 'टायट्रेशनची रीडिंग जुळेनात, तेव्हा ब्युरेटच्या टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा सापडला. तो काढून तिन्ही रीडिंग पुन्हा घेतली' असं लिहा. सरांना तो दिवस आठवतो आणि तोच प्रसंग पत्रात येतो.

बऱ्याच ठिकाणी पत्र अपलोड करायची लिंक थेट सरांच्या मेलवर जाते. फॉर्ममध्ये त्यांचा कॉलेजचा मेल आयडी अक्षरन् अक्षर तपासून भरा. लिंक गेली त्याच दिवशी त्यांना कळवा, स्पॅममध्येही बघायला सांगा. अंतिम तारखेच्या आठवडाभर आधी एकदा नम्रपणे आठवण करून द्या.