खोलीत गेमिंग कन्सोल ठेवायचाय? रेक्टरना अर्ज असा लिहा

सांगलीत विश्रामबागला होस्टेलवर होतो, तेव्हा माझा पहिला अर्ज रेक्टरसरांनी वाचला आणि तसाच परत दिला. "बिल किती वाढणार? नेटची वायर कुठं लावणार?" दोनच प्रश्न, आणि अर्जात दोन्हींची उत्तरं नव्हती. मी नुसतं 'करमणुकीसाठी' म्हणून मोकळा झालो होतो.

आधी विजेचं बघा. कन्सोलच्या मागच्या लेबलवर वॅट लिहिलेले असतात. माझ्या पीएस४ स्लिमवर १६५ होते. शनिवार-रविवार रोज दोन तास धरले तर महिन्याला १६ तास, म्हणजे जास्तीत जास्त २.६४ युनिट. १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड तेवढी वीज पावणेदोन तासांत खातो. ही तुलना अर्जात मात्र नको. रॉडलाही बंदी असते!

खरी मेख नेटची. खोलीत पॉइंट एक आणि पोरं तीन. अर्ज देण्याआधी नेट बघणाऱ्या माणसाला गाठा आणि एका पॉइंटवर किती मशीन चालतात ते विचारा. एकच चालत असेल तर केबल आळीपाळीने लावावी लागेल, आणि अर्जातही तसंच लिहा. जास्त चालत असतील तर पाच पोर्टचा साधा नेटवर्क स्विच पुरतो. राऊटर आणू नका. पॉइंटची केबल चुकून त्याच्या लॅन पोर्टला लागली, की तो मजल्यावरच्या लॅपटॉपना स्वतःचेच आयपी वाटत सुटतो. मग सगळ्यांना 'कनेक्टेड' दिसतं, पण एक पान उघडत नाही, आणि बोट तुमच्याकडे.

नेट लॉगिन करून मिळत असेल, तर ते पान कन्सोलवर नीट उघडेलच असं नाही. म्हणून मॅक ॲड्रेस, म्हणजे कन्सोलचा नेटवरचा ओळख क्रमांक, नोंदवून घ्यायची विनंती करा. पीएस४ वर तो Settings > System > System Information मध्ये सापडतो. तिथं दोन दिसतात. केबलचा, म्हणजे LAN Cable समोरचा घ्या.

आता मजकूर:

प्रति,
मा. रेक्टर, मुलांचे वसतिगृह

विषय : खोलीत गेमिंग कन्सोल ठेवण्यास व सामाईक नेट पॉइंट वापरण्यास परवानगी मिळणेबाबत

महोदय,
मी खोली क्र. … मध्ये राहतो. माझा कन्सोल (१६५ वॅट) शनिवार-रविवारी सायंकाळी ५ ते ७ या वेळेत, हेडफोन लावून वापरेन. दरमहा अंदाजे तीन युनिट वीज लागेल. आकार भरण्यास मी तयार आहे. खोलीतील नेट पॉइंट साध्या स्विचवरून वापरेन, राऊटर लावणार नाही. मोठी डाउनलोड रात्री १२ नंतर करेन. परीक्षेच्या काळात कन्सोल घरी नेईन. मॅक ॲड्रेस : … खोलीतील सहकाऱ्यांची संमती खाली आहे.
आपला विश्वासू,

संमती म्हणजे दोघांच्या खऱ्या सह्या. रूममेटची कुरकुर तुमच्या अर्जाआधी रेक्टरांच्या कानावर गेली, तर संपलंच.

अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. परवानगीची सही झाली की तीच प्रत बॅगेत वरच ठेवा. रविवारी रात्री एसटीतून उतरून खोकं घेऊन गेटवर आलात, की वॉचमनकाका पहिल्यांदा तीच मागतील.