गोळ्यांचा तक्ता घड्याळावर नको, ताटावर बांधा

अमळनेरच्या आमच्या सासूबाई ७४ वर्षांच्या, रोजच्या गोळ्या सात. आधीच्या तक्त्यात ‘सकाळ, दुपार, रात्र’ एवढेच रकाने होते, म्हणून सकाळच्या सगळ्या त्या चहाबरोबर एकदम घ्यायच्या. एकही गोळी चुकत नव्हती, तरी थायरॉईडचा रिपोर्ट बिघडलेलाच. डॉक्टरांनी कारण सांगितलं: कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.

मग कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर नवा तक्ता आखला. ओळी अशा: उठल्याबरोबर, नाश्त्याआधी, नाश्त्यानंतर, दुपारच्या भाकरीनंतर, रात्री जेवल्यावर, झोपताना. थायरॉईडची गोळी पहिल्या ओळीत, नुसत्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-पाऊण तासानंतर. कॅल्शियम थेट दुपारच्या भाकरीनंतर. प्रत्येक ओळीपुढे रिकाम्या स्ट्रिपचा नाव दिसेल असा तुकडा चिकटवला, कारण त्यांना अक्षरांपेक्षा रंग पटकन ओळखू येतो.

नाश्त्याआधीच्या शुगरच्या गोळीला मात्र जपा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि खाणं लांबलं, तर साखर उतरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. म्हणून आमच्याकडे पोहे ताटलीत आल्यावरच ती गोळी निघते. उपास असेल तर तिचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून तक्त्यावर लिहून ठेवलंय.

तक्त्यावर खूण गोळी गिळल्यावरच करायची, डबीतून काढताना नाही. खूण नसेल आणि घेतली की नाही आठवत नसेल, तर अंदाजाने दुसरी देऊ नका. डॉक्टरांना फोन करा.