दोन मिनिटांच्या कार्डाची तयारी

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगच्या दुसऱ्या भागाला हातात विषयाचं एक कार्ड मिळतं, सोबत कागद-पेन्सिल आणि विचार करायला १ मिनिट. त्यानंतर १ ते २ मिनिटं एकट्यानं बोलायचं असतं. विषय अगदी रोजचा, आणि बरेच जण अडतात ते नेमके त्यामुळेच. ओळखीच्या गोष्टीबद्दलचं आपलं मत एका वाक्यात सांगून होतं. 'छान आहे, उपयोगी आहे, मला आवडते' एवढं म्हटलं की विशेषणं संपतात आणि समोरचा परीक्षक नुसता बघत बसलेला असतो.

म्हणून घरी पहिलं काम प्रसंग जमवण्याचं. पाठ केलेली उत्तरं नकोत, ती परीक्षकाला लगेच ओळखू येतात. एखादी व्यक्ती, एखादी जागा, एखादी वस्तू, शिकलेलं एखादं काम, फसलेला एखादा बेत, असे आपल्या आयुष्यातले पाच-सहा विषय घ्या आणि प्रत्येकाखाली खरोखर घडलेले तीन-चार प्रसंग दोन-दोन शब्दांत लिहून ठेवा. विषय निवडताना भारदस्तपणाच्या मागे लागू नका. 'माझा आदर्श' म्हणून एखादा थोर माणूस निवडला तर माहिती आठवत बसावी लागते. शेजारच्या काकूंबद्दल मात्र काहीही आठवावं लागत नाही.

आता एक कार्ड घेऊन बघू. 'बऱ्याच दिवसांपासून तुमच्याकडे असलेली एखादी वस्तू', आणि खाली चार मुद्दे: ती काय आहे, कशी मिळाली, कशासाठी वापरता, अजून का ठेवली आहे. समजा, तुम्ही पाठीवरची सॅक निवडली. मुद्द्यांना सरळ उत्तरं दिली तर काळी सॅक आहे, भावानं दिली, रोज नेतो, मजबूत आहे, एवढ्यावर वीसेक सेकंदांत खेळ आटोपतो. त्याऐवजी तयारीच्या मिनिटात कागदावर एवढंच लिहा: 'भाऊ, नको होती', 'चेन, स्टेशन', 'पाऊस, कागद कोरडे', 'टाकून दे?'. भावानं स्वतःला नवी घेतली म्हणून जुनी तुमच्या गळ्यात मारली, तेव्हा तुम्हाला ती मुळीच आवडली नव्हती. मग ऐन गर्दीत चेन तुटली आणि सगळं सामान फलाटावर सांडलं. पुढे एकदा भर पावसात आतली सर्टिफिकेटं तेवढी कोरडी राहिली. आता घरचे टाकून दे म्हणतात आणि तुम्ही ऐकत नाही. यातला एकेक प्रसंग सहज अर्धं मिनिट खातो.

कागदावर पूर्ण वाक्यं लिहू नका. एका मिनिटात जेमतेम दोन होतात, आणि मग माणूस ती वाचून दाखवत बसतो. चारही मुद्द्यांना सारखा वेळ द्यायचीही गरज नाही. गुण ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांवर असतात, मुद्द्यांच्या हजेरीवर नाही. विषय मात्र सोडू नका. शेवटचा 'का' मात्र घाईत उरकू नका, बोलायला सगळ्यात जास्त जागा तिथेच असते.

तरीही दीड मिनिटाला विहीर आटली तर काळ बदला. ही सॅक येण्याआधी काय वापरत होतात, ते 'आय युज्ड टू'नं सुरू करून सांगा. उद्या ती हरवली तर काय कराल, ते 'इफ आय लॉस्ट इट'नं. नवा विषय शोधावा लागत नाही, आणि वाक्यरचनेतही आपोआप वैविध्य येतं. हे दोन दरवाजे प्रत्येक विषयाला बसतात, त्यामुळे तोंडात बसलेले हवेत.

सराव मोबाइलवर टायमर आणि रेकॉर्डर लावूनच करा, मनातल्या मनात केलेला धरू नका. ऐकताना चुका मोजण्याआधी एवढंच बघा, की पहिली लांब शांतता कितव्या सेकंदाला आली आणि तिच्या आधीचं वाक्य काय होतं. बहुतेकदा ते 'सो, इट्स व्हेरी यूजफुल' यासारखं समारोपाचं वाक्य निघतं. तुम्ही स्वतःच दार लावून घेतलेलं असतं. असं वाक्य सापडलं की त्याच कार्डावर पुन्हा बोला आणि त्या जागी 'एकदा काय झालं' म्हणून एक प्रसंग घाला.

घड्याळाची काळजी परीक्षकावर सोडा. २ मिनिटं झाली की तो मधेच थांबवतो. वाक्य अर्धवट राहिलं म्हणून गुण जात नाहीत, ते पुरं करायचा हट्ट नको. त्यानंतर त्याच विषयावर एक-दोन छोटे प्रश्न येऊ शकतात. त्यांना एक-दोन वाक्यांत उत्तर द्या, उरलेला प्रसंग तिथे काढू नका. पुढचा भाग लगेच सुरू होतो.