घशात गोळा अडकल्यासारखं वाटतंय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात माझ्या वहिनीला हा त्रास सुरू झाला. गळ्याच्या मधोमध, खड्ड्याच्या जरा वर काहीतरी अडकलंय, सुपारीएवढं, दुखत नाही पण जातही नाही. ती दिवसभर आवंढे गिळायची, सारखं खाकरायची, आणि रात्री मोबाईलवर शोधून शोधून कॅन्सर झालाय असं ठरवून मोकळी झाली होती. जेवताना मात्र काहीच नाही, भाकरी-पिठलं आरामात खाली जायचं, हात धुतला की अर्ध्या तासात गोळा परत हजर.

ही जेवतानाची गोष्ट डॉक्टरला सांगणं फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच सांगत नाहीत. खरंच काही अडकलं असेल तर घास जाताना जास्त कळतं, आधी भाकरी-चपाती अडते, मग मऊ भात, मग पातळसुद्धा. साध्या गोळ्यात उलटं होतं, खाल्लं-प्यायलं की बरं वाटतं आणि रिकामा आवंढा गिळला की जाणवतो. याला डॉक्टर ग्लोबस म्हणतात.

पहिली चूक म्हणजे 'गेला का बघू' म्हणून पुन्हा पुन्हा आवंढा गिळणं. आत्ता पाणी न पिता लागोपाठ पाच-सहा आवंढे गिळून बघा, तुम्हालाही गोळा जाणवेल, कारण थुंकी संपते आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी जो गोल स्नायू असतो तो घट्ट आवळतो. टेन्शनमध्येही घशाचे स्नायू असेच ताठतात, आणि आवंढा दाटून आला असं आपण म्हणतो ते उगाच नाही. खाकरणं तर आणखी वाईट, प्रत्येक वेळी स्वरयंत्राचे पडदे एकमेकांवर आपटतात, तिथे सूज येते, सूज आली की अजून खाकरावंसं वाटतं. वहिनीला ईएनटीवाल्या मॅडमनी सांगितलं की खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्यायचा, नाहीतर तोंड मिटून एकदाच जोरात गिळायचं आणि सोडून द्यायचं. पहिले आठ दिवस तिला हे अजिबात जमत नव्हतं, शेजारी बाटली ठेवून बसायची.

दुसरी चूक अ‍ॅसिडिटीची. जळजळ होत नाही म्हणजे अ‍ॅसिडिटी नाही असं धरून चालतात, पण पोटातलं वर येऊन घशाला लागतं तेव्हा छातीत जळजळ होईलच असं नाही, नुसता गोळा, सकाळी घोगरा आवाज, कोरडा खोकला एवढंच असू शकतं. वहिनी दुकानातून येऊन साडेदहाला जेवायची आणि अकराला आडवी. मॅडमनी जेवण आणि झोप यात तीन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा (नुसत्या उशा वाढवल्या की पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो). अ‍ॅसिडिटीची गोळी ती जेवण झाल्यावर आठवली तर घ्यायची, पण तिची ती गोळी सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. तरी या गोळीने प्रत्येकाचा गोळा जातोच असं नाही, म्हणून मनाने महिनोन्महिने चालू ठेवू नका. सर्दीचा शेंबूड मागे घशात उतरत असेल किंवा थायरॉइडची गाठ असेल तरी असंच वाटतं, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.

तिसरी चूक घाबरण्याच्या नेमकी उलट आहे, धोक्याची लक्षणं अंगावर काढायची, आणि ती सगळ्यात महाग पडते. आमच्या वाडीतले एक काका, तीस वर्षं तंबाखू, त्यांनाही 'घशात काहीतरी आहे' एवढंच होतं. पण त्यांना एकाच बाजूला, उजवीकडे टोचायचं, मग उजवा कान दुखायला लागला, कानात काही नसताना. घसा आणि कान यांची नस एक असते म्हणून असं होतं. घरच्यांनी कानात थेंब घातले, गॅस म्हणून ओवा दिला, काका भाकरी सोडून दुधात कुस्करून खायला लागले तेव्हाही वय झालं म्हणाले. चार महिने गेले.

तेव्हा घास अडतोय, गिळताना दुखतंय, गोळा एकाच बाजूला आहे, आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलाय, मानेला गाठ लागतेय, थुंकीतून रक्त येतंय, वजन आपोआप उतरतंय, यातलं एक जरी असलं तरी थांबू नका, त्याच आठवड्यात ईएनटीकडे जा. तंबाखू, गुटखा, मिश्री, बिडी किंवा दारू असेल तर आणखी लवकर. आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल तर थेट इमर्जन्सीत.

तपासणीला घाबरू नका. वहिनीच्या नाकात बधिर करणारा स्प्रे मारला, बारीक दुर्बीण आत घातली, 'ईईई' म्हणायला लावलं, मान चाचपली, पाच मिनिटांत झालं. घसा स्वच्छ होता. त्या रात्री ती पहिल्यांदा मोबाईल न बघता झोपली, आणि गोळा पुढच्या दोन महिन्यांत हळूहळू कमी झाला. दुकानात हिशोबाचे दिवस आले की अजूनही येतो, तेव्हा ती पाण्याची बाटली जवळ ओढते.