पावतीपासून प्रमाणपत्रापर्यंत: छोट्या न्यासाच्या नव्या खजिनदारासाठी

रत्नागिरी जिल्ह्यातील एका छोट्या शैक्षणिक न्यासाची खजिनदार म्हणून मी काम पाहते. न्यास शाळकरी मुलांना वह्या-पुस्तके पुरवतो, दहावीनंतर शिकणाऱ्या काही मुलांची फी भरतो आणि एक अभ्यासिका चालवतो. आमचे बहुतेक देणगीदार मुंबईत नोकरी करणारे चाकरमानी आहेत, त्यामुळे देणग्यांचा ओघ गणपतीत, शिमग्यात आणि आर्थिक वर्ष संपता संपता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो. या काळात नव्याने खजिनदारपद स्वीकारणाऱ्याला पावती फाडली म्हणजे काम झाले असे वाटते. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून मात्र तसे राहिलेले नाही. आयकर कायद्याच्या कलम ८०जीखालील वजावट देणगीदाराला मिळते ती न्यासाने आयकर विभागाकडे भरलेल्या देणग्यांच्या विवरणपत्राच्या आधारावर, म्हणजे फॉर्म १०बीडीच्या आधारावर. आणि ते भरल्यानंतर पोर्टलवरून जे प्रमाणपत्र तयार होते, तो फॉर्म १०बीई, देणगीदाराने जपून ठेवायचा कागद असतो. आपली छापील पावती ही त्या साखळीची पहिली कडी आहे. पावती लिहितानाच १०बीडीचे रकाने डोळ्यांसमोर ठेवले, तर मे महिन्यात धावपळ होत नाही.

येथे लिहिलेले सर्व १९६१ च्या आयकर कायद्याला धरून आहे आणि खालील उदाहरण २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, त्यामुळे त्या तारखेनंतरच्या देणग्यांसाठी पावतीवर छापायचे कलम आणि फॉर्मचे क्रमांक आपल्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावेत आणि जुने पावतीपुस्तक तसेच पुढे वापरू नये.

पावतीवर काय असावे, हे आधी पाहू. न्यासाचे नाव व पत्ता, धर्मादाय आयुक्त कार्यालयातील नोंदणी क्रमांक, न्यासाचा पॅन आणि ८०जीच्या मान्यतेच्या आदेशावरील क्रमांक व तारीख हा भाग छापील असतो. मान्यतेचा कालावधी अवश्य तपासावा. ही मान्यता आता कायमची नसते. तात्पुरती मान्यता जास्तीत जास्त तीन वर्षांची आणि नियमित मान्यता पाच वर्षांची असते, आणि मुदत संपल्यानंतरही त्याच क्रमांकाच्या पावत्या देत राहणारे न्यास असतात. आणखी एक गैरसमज आढळतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झालेली आहे किंवा न्यासाला स्वतःच्या उत्पन्नावर करसवलत आहे, एवढ्यावरून देणगीदाराला वजावट मिळत नाही. त्यासाठी ८०जीची स्वतंत्र मान्यता लागते. गावातल्या देवस्थानाला दिलेली वर्गणी आणि आमच्या न्यासाला दिलेली देणगी पुष्कळांना सारखीच वाटते, म्हणून हा फरक मला दर गणपतीत कोणाला तरी समजावून सांगावा लागतो.

हाताने लिहायच्या भागात देणगीदाराचे पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रक्कम आकड्यांत व अक्षरांत, देणगीचा प्रकार आणि रक्कम कशी आली याचा तपशील असतो. चेक असेल तर क्रमांक, बँक व तारीख लिहून ‘चेक वटल्यास ग्राह्य’ असे नमूद करावे. यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांक लिहावा. देणगीदाराने रक्कम कायम निधीत ठेवण्याची लेखी सूचना दिली असेल, तरच प्रकाराच्या जागी ‘कायम निधी’ लिहावे. तोंडी सांगण्यावरून तसे लिहू नये, कारण त्या रकमेचा हिशेब आणि गुंतवणूक वेगळी ठेवावी लागते. पावतीवर महसूल तिकीट लागते का, असा प्रश्न नेहमी येतो. दान हे मोबदल्याविना असते आणि मोबदल्याविना मिळालेल्या रकमेच्या पावतीला मुद्रांक कायद्याने सूट दिलेली आहे.

सर्वांत जास्त घोळ पॅनमध्ये होतो, कारण तो बहुधा फोनवरून सांगितला जातो आणि बी, डी, पी ही अक्षरे कानाला सारखीच वाटतात. पॅनच्या रचनेतच एक सोपी तपासणी दडलेली आहे. दहा जागांपैकी पहिल्या पाच अक्षरांच्या, पुढच्या चार अंकांच्या आणि शेवटची पुन्हा अक्षराची असते. चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते, म्हणजे व्यक्ती असेल तर P, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर H, कंपनी असेल तर C. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे पहिले अक्षर असते. सावंत आडनावाच्या गृहस्थाने सांगितलेल्या पॅनमध्ये पाचव्या जागी S नसून F लिहिला गेला असेल, तर पावती फाडण्यापूर्वीच पुन्हा विचारता येते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत मात्र ही तपासणी फसू शकते, कारण त्यांच्या पॅनमध्ये माहेरच्या आडनावाचे अक्षर तसेच राहिलेले असते. म्हणून शेवटचा आधार पॅनकार्डाच्या फोटोचाच घ्यावा.

दुसरा वादाचा मुद्दा पैसे कोणाच्या खात्यातून आले, हा असतो. मुलगा त्याच्या फोनवरून यूपीआयने रक्कम पाठवतो आणि पावती वडिलांच्या नावाने मागतो. मी पावती खातेदाराच्या नावानेच देते. वडिलांनी पैसे दिले असतील तर ते वडिलांच्या खात्यातून यावेत, एवढे आधीच सांगितले की पुढचे अवघडलेपण टळते.

आता एक उदाहरण. ओळख लपवण्यासाठी तपशील थोडे बदलले आहेत. गुहागर तालुक्यातील मूळचे आणि मुंबईत नोकरीला असलेले एक काका गणपतीत आले तेव्हा त्यांनी अभ्यासिकेत ५,००० रुपये रोख दिले. दिवाळीत त्यांनी ६,००० रुपयांच्या वह्या विकत घेऊन मुलांसाठी आणून दिल्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी २५,००० रुपये यूपीआयने पाठवले आणि फोन करून म्हणाले, “ताई, एकूण ३६,००० झाले. एकच पावती करा, म्हणजे तेवढे माझ्या टॅक्समधून जातील.”

या एका वाक्यात तीन गैरसमज आहेत. पहिला वस्तूंचा. ८०जीची वजावट पैशाच्या रूपातील दानालाच मिळते, म्हणून वह्यांसाठी मी त्यांना साधी पोच दिली, ज्यात वह्यांची संख्या आहे पण ८०जीचा उल्लेख नाही. दुसरा रोख रकमेचा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला वजावट मिळत नाही. येथे २,००० रुपयांपुरती मिळते आणि वरची जाते, असा अर्थ नाही. ५,००० रुपये रोख दिले तर त्या पूर्ण रकमेवर पाणी सोडावे लागते. यावर “२,०००, २,००० आणि १,००० अशा तीन पावत्या करा की” असा सल्ला आमच्याच एका विश्वस्तांनी दिला. एकाच दिवशी एकाच हाताने आलेली रक्कम तीन तारखांना दाखवणे म्हणजे खोटी नोंद करणे होय, म्हणून ते मी केले नाही. पावती ५,००० रुपये रोख अशीच आहे.

तिसरा गैरसमज सर्वांत मोठा आहे. देणगीची रक्कम करातून वजा होत नाही. आमच्यासारख्या न्यासाला दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. त्यातही देणगीचा जेवढा भाग समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या आत बसतो, तेवढाच धरला जातो. काकांचा पगार वर्षाला १०,००,००० रुपये होता. जुन्या करपद्धतीत ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि कलम ८०सीखालील १,५०,००० वजा जाता ८,००,००० राहिले. त्याचे १० टक्के ८०,००० होतात, त्यामुळे २५,००० सहज मर्यादेत बसले. त्याची निम्मी रक्कम, १२,५००, उत्पन्नातून वजा झाली. या टप्प्यावर २० टक्के दर लागतो. उपकर धरून करातील बचत २,६०० रुपयांची झाली. काकांच्या मनात ३६,००० होते.

पण हिशेब येथेही थांबत नाही. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते आणि नवी पद्धत आता आपोआप लागू होणारी पद्धत आहे. काकांच्याच आकड्यांवर जुन्या पद्धतीत, देणगीची वजावट घेऊनही, ७,८७,५०० वर उपकरासह ७२,८०० रुपये कर येत होता. नव्या पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर ९,२५,००० वर ४४,२०० रुपयेच येत होता. त्यांनी त्यांच्या कर सल्लागाराला विचारले आणि नवी पद्धत घेतली. म्हणजे कराच्या दृष्टीने त्यांच्या देणगीचा लाभ शून्य झाला. गृहकर्जाचे व्याज किंवा अशी मोठी वजावट असलेल्या देणगीदाराचे गणित वेगळे येऊ शकते. म्हणून न्यासाच्या पत्रकावर “५० टक्के करमाफी” असे छापायला माझा विरोध असतो. आम्ही “कलम ८०जीखालील अटींनुसार, जुनी करपद्धत निवडल्यास” एवढेच छापतो आणि कोणती पद्धत घ्यावी याचा सल्ला देत नाही.

मार्च संपल्यावर पासबुक, रोखवही आणि पावत्यांच्या स्थळप्रती मी एकमेकींशी पडताळते. फॉर्म १०बीडी ३१ मेपर्यंत भरावा लागतो. पोर्टलवरून मिळणाऱ्या नमुन्यात प्रत्येक देणगीदाराचा ओळख क्रमांक, नाव, पत्ता, देणगीचा प्रकार, ती कशी आली आणि रक्कम हे सर्व भरायचे असते. काकांच्या रोख ५,००० ची ओळ वेगळी आणि २५,००० ची वेगळी जाते. रोख रकमेची ओळही भरायचीच असते, कारण १०बीडी हे देणग्यांचे विवरण आहे, वजावटीस पात्र देणग्यांची यादी नव्हे. त्यामुळे रोख रकमेचा १०बीई हातात आला तरी वजावट मिळेलच असे नाही, हे देणगीदाराला स्पष्ट सांगावे. विवरणपत्र भरण्यास उशीर झाल्यास न्यासाला दिवसाला २०० रुपये शुल्क लागते आणि त्याशिवाय १०,००० ते १,००,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छोट्या न्यासाच्या वर्षभराच्या वह्या त्यात जातील.

१०बीईसुद्धा ३१ मेपर्यंतच देणगीदाराला द्यायचा असतो आणि तो विवरणपत्र भरल्याक्षणी मिळत नाही. सुमारे एक दिवस जावा लागतो. म्हणून मी शेवटच्या तारखेपर्यंत थांबत नाही. प्रमाणपत्र ईमेल किंवा व्हॉट्सॲपने पाठवताना त्यावरील क्रमांक आयकर विवरणपत्रातील ८०जीच्या तक्त्यात भरायचा आहे, आणि विवरणपत्र मुदतीनंतर भरल्यास जुनी करपद्धत निवडता येत नाही, अशी दोन वाक्ये जोडते. पॅन किंवा नाव चुकल्याचे कळले, तर सुधारित १०बीडी भरता येतो आणि नवा १०बीई देता येतो. मुलाच्या खात्यातून आलेली देणगी वडिलांच्या नावावर करून द्या, अशी विनंती मात्र जूनमध्ये हमखास येते. ती दुरुस्ती नव्हे, त्यामुळे तिला नकार द्यावा लागतो.