रूम रेंटच्या नावाखाली औषधांचेही पैसे कापलेत? बिलाच्या फोटोवरून हिशोब काढून इन्शुरन्स कंपनीला पत्र कसं लिहायचं

क्लेम कमी आला की लोक सल्ला देतात, "कडक शब्दांत मेल टाक, ग्राहक मंचाची धमकी दे". असल्या मेलला कंपनीकडून एकच उत्तर येतं, पॉलिसीच्या अटींप्रमाणे कपात केली आहे, आणि विषय तिथेच बंद होतो. पत्रात राग नको, आकडा हवा. तुमचा आकडा किती, तो बिलाच्या कुठल्या ओळींवरून आला आणि कंपनीने कुठे चूक केली, एवढंच.

मालाडला आमच्या बिल्डिंगमधल्या काकांचं उदाहरण घेते. हर्नियाचं ऑपरेशन, कॅशलेस, सम इन्शुअर्ड ३ लाख, रूम रेंटची मर्यादा रोज १ टक्का म्हणजे ३,००० रुपये. रूम मिळाली ५,००० ची, ४ दिवस. बिल १,५०,००० झालं. कंपनीने ३,००० रुपयांच्या नॉन-पेएबल वस्तू वजा केल्या आणि उरलेल्या सगळ्या १,४७,००० च्या सरळ ६० टक्के, म्हणजे ८८,२०० दिले, का तर ५,००० पैकी ३,००० म्हणजे ६० टक्के. काकांनी ६१,८०० खिशातून भरले आणि डिस्चार्ज घेतला.

चूक "उरलेल्या सगळ्या" या शब्दांत आहे. महागडी रूम घेतली की त्या प्रमाणात कपात होते हे खरं, पण ती सगळ्या बिलावर होत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने जून २०२० मध्ये हे स्पष्ट केलं की प्रमाणशीर कपात फक्त असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेसवर, म्हणजे सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर अशा खर्चांवर लावायची आणि औषधं व कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट व मेडिकल डिव्हाइस, आणि तपासण्या यात धरायच्या नाहीत. आयसीयू चार्जेसलाही ही कपात लावता येत नाही. तुमच्या पॉलिसी वर्डिंगमध्ये व्याख्यांच्या पानांवर ही व्याख्या शोधा आणि पत्रात तिचा क्लॉज नंबर द्या, कारण कंपनीला तिच्याच कागदातलं वाक्य दाखवलेलं सगळ्यात जास्त लागू पडतं.

पॉलिसी वर्डिंग, सेटलमेंट लेटर, डिस्चार्ज समरी, भरलेल्या पैशांची पावती एका फोल्डरमध्ये घ्या. आता खरं काम, बिल.

बिल बहुतेक वेळा मुलाने बिलिंग काउंटरवर घाईघाईत काढलेल्या व्हॉट्सॲप फोटोत असतं. हॉस्पिटलकडून डिटेल बिलाची पीडीएफ मिळाली तर उत्तमच, पण नाही मिळाली म्हणून थांबू नका. आधी पानं मोजा, खाली "७ पैकी ३" असं छापलेलं असतं, एक जरी पान कमी असेल तर पुढचा सगळा हिशोब फुकट. मग प्रत्येक ओळ शीटमध्ये टाका. पुसट आकडा अंदाजाने लिहू नका, नग आणि रेट यांचा गुणाकार करून बघा. काकांच्या बिलात एका इंजेक्शनची रक्कम १,३८० की १,८८० तेच कळत नव्हतं, नग ३ आणि रेट ४६० दिसत होता, म्हणजे १,३८०.

इथेच मी एकदा सपशेल फसले होते. आईच्या क्लेमच्या वेळी औषधांची बेरीज केली आणि परत केलेल्या औषधांच्या ओळी बघितल्याच नाहीत, त्या शेवटच्या पानावर मायनसमध्ये असतात आणि फोटोत ते मायनसचं चिन्ह दिसतही नाही. माझी बेरीज ४,००० ने जास्त आली, कंपनीने फक्त तेवढंच पकडून लिहिलं की तुमचा हिशोब बिलाशी जुळत नाही, आणि मुख्य मुद्द्यावर अक्षरही नाही. दोन आठवडे वाया गेले. म्हणून माझा नियम, शीटची बेरीज छापील फायनल बिलाशी रुपयाला रुपया जुळत नाही तोपर्यंत पत्राला हात लावायचा नाही. आणि भरलेलं डिपॉझिट खर्चात धरू नका, ते पेमेंट आहे.

बेरीज जुळली की ओळींची वाटणी. ही हॉस्पिटलच्या हेडिंगवरून करू नका, वस्तू काय आहे ते बघून करा. काकांच्या बिलात "ओटी चार्जेस" खाली ३२,००० होते, त्यातले २०,००० हर्नियाच्या जाळीचे. जाळी म्हणजे इम्प्लांट, तिला कपात लागत नाही, पण हेडिंग बघून वाटणी केली असती तर तिचे ८,००० गेले असते. जाळीचं स्टिकर किंवा इनव्हॉइस जोडा.

वाटणी अशी झाली. रूम २०,०००, त्यातले मिळणार १२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, व्हिजिट आणि थिएटर मिळून ६०,०००, त्याचे ६० टक्के ३६,०००. औषधं-कन्झ्युमेबल्स ३४,०००, नॉन-पेएबल वजा करून ३१,००० पूर्ण. तपासण्या १६,००० पूर्ण. जाळी २०,००० पूर्ण. एकूण १,१५,०००. कंपनीने दिले ८८,२००, फरक २६,८००. पडताळा सोपा आहे, ज्याला कपात लागायलाच नको होती ते ६७,००० आणि त्याचे ४० टक्के बरोबर २६,८०० येतात. हे दोन आकडे जुळले नाहीत तर वाटणीत गडबड आहे, परत बघा.

६० टक्के हा आकडा मात्र डोळे झाकून घेऊ नका. काही पॉलिसीत मर्यादा "रूम, बोर्डिंग आणि नर्सिंग मिळून" असते, मग बिलातलं वेगळं लावलेलं नर्सिंगही रूमच्या भाड्यात मिळवून प्रमाण काढायचं. ते आपल्या विरोधात जातं, तरीही स्वतःच धरा, नाहीतर कंपनी धरेल आणि तुमचं पूर्ण पत्र संशयास्पद वाटेल. उलट बाजूने, हॉस्पिटल सर्जनची फी सगळ्या रूम क्लासला सारखीच लावत असेल तर त्या फीवरही कपात लागत नाही, पण त्यासाठी हॉस्पिटलचं टॅरिफ कार्ड किंवा लेखी पत्र हवं, नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही. काकांच्या हॉस्पिटलचे दर क्लासप्रमाणे बदलत होते, म्हणून तो मुद्दा मी घेतलाच नाही. नसलेला मुद्दा घातला की असलेलाही पातळ होतो.

पत्र एका पानाचं, कंपनीच्या ग्रिव्हन्स सेलला, कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएला फक्त कॉपी, कारण क्लेमचा निर्णय कंपनीचा असतो. वर पॉलिसी आणि क्लेम नंबर. मजकूर साधारण असा:

"सदर क्लेममध्ये आपण रु. १,४७,००० या संपूर्ण रकमेवर ६०% प्रमाण लावले आहे. पॉलिसीतील असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेसच्या व्याख्येनुसार (क्लॉज क्र. __) औषधे व कन्झ्युमेबल्स रु. ३१,०००, तपासण्या रु. १६,००० आणि इम्प्लांट रु. २०,००० यांना हे प्रमाण लागू होत नाही. रूम रेंट व इतर रु. ६०,००० वरील कपात मला मान्य आहे. देय रक्कम रु. १,१५,००० असून उर्वरित रु. २६,८०० माझ्या खात्यात जमा करावेत. आपणास हा हिशोब मान्य नसल्यास कोणती ओळ मान्य नाही ते कारणासह कळवावे."

"कपात मला मान्य आहे" हे वाक्य लोक काढून टाकायला सांगतात. मी ठेवतेच, कारण त्याने वाद फक्त तीन ओळींवर येतो. शेवटचं वाक्यही ठेवा, मोघम उत्तर द्यायची सोय त्याने बंद होते. सोबत शीट आणि बिलाचे फोटो पानक्रमाने, शीटमधल्या प्रत्येक ओळीसमोर पान नंबर. पैसे थेट खात्यात यायचेत म्हणून कॅन्सल चेक आणि ६१,८०० ची पावती.

ईमेलने पाठवा आणि कम्प्लेंट नंबर मागून घ्या. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर हेच पत्र आणि हीच शीट विमा लोकपालाकडे, फी नाही, वकील लागत नाही, पण एका वर्षाच्या आत जायचं. मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, पूर्व उपनगरातले काही वॉर्ड मात्र ठाण्याच्या ऑफिसकडे येतात, त्यामुळे आधी आपला वॉर्ड बघून घ्या.