एक टन पोलाद आणि तीन प्रश्न

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बाजार, नियोजित आणि मिश्र अशा तीन अर्थव्यवस्थांचा तक्ता सगळेच पाठ करतात. मीही केला होता. मालकी कोणाची, निर्णय कोणाचा, फायदे, तोटे असे चार रकाने, आणि त्यावर मार्कही मिळतात. पण त्या तक्त्यातून एक साधी गोष्ट कळत नाही: काय, कसे आणि कोणासाठी उत्पादन करायचे, याचे उत्तर प्रत्यक्षात निघते कसे? हे मला समजले ते एकच वस्तू हातात धरून तिन्ही व्यवस्थांमधून फिरवल्यावर. नव्याने शिकणाऱ्यांना मी हीच पद्धत सुचवतो. माझी वस्तू होती पोलाद, कारण ते ग्राहकाच्या घरापेक्षा दुसऱ्या कारखान्यांतच जास्त जाते आणि गुंतागुंत तिथेच असते.

समजा, देशाला यंत्रे बांधायला आणखी १०० टन पोलाद हवे आहे. बाजारव्यवस्थेत ही बातमी कोणी कोणाला कळवत नाही. यंत्रवाले जास्त खरेदी करू लागतात आणि भाव चढतो. पूल बांधणारा मग काँक्रीटचा हिशोब करून बघतो, डबे करणारा ॲल्युमिनियमकडे वळतो, भंगार गोळा करणाऱ्याला लांबून माल आणणे परवडू लागते आणि विजेच्या भट्टीत ते भंगार वितळवणारा कारखाना जादा पाळी लावतो. मागणी का वाढली, हे यांतल्या एकालाही ठाऊक नसते आणि ठाऊक असायची गरजही नसते. ‘काय’ आणि ‘कसे’ ही दोन्ही उत्तरे एका आकड्यातून, भावातून, निघाली. ‘कोणासाठी’ याचे उत्तरही त्याच आकड्यात आहे: ज्याला तो भाव परवडतो त्याच्यासाठी. गरज मोठी पण खिसा रिकामा असेल, तर तुमचे मत मोजलेच जात नाही. भट्टीच्या धुराचा खर्चही, कायद्याने लादल्याशिवाय, त्या आकड्यात येत नाही.

आता हेच १०० टन नियोजन मंडळाकडे न्या. सोव्हिएत संघात गॉसप्लान हे मंडळ १९२१ मध्ये स्थापन झाले आणि १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. तिथली मुख्य पद्धत भौतिक ताळेबंदाची. प्रत्येक महत्त्वाच्या मालाचा एक तक्ता असतो: एका बाजूला उत्पादन, आयात आणि साठा, दुसऱ्या बाजूला तो माल कोणाकोणाला किती द्यायचा. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. ऐकायला सोपे वाटते, म्हणून एकदा कागदावर करून बघा. सोयीसाठी आकडे काल्पनिक घेऊ. एक टन पोलादाला ०.६ टन कोळसा लागतो आणि एक टन कोळसा काढताना खाणीतले ०.०५ टन पोलाद झिजते. १०० टन जादा पोलाद म्हणजे ६० टन जादा कोळसा. तो काढायला ३ टन पोलाद. त्या ३ टनांना १.८ टन कोळसा. त्याला पुन्हा ०.०९ टन पोलाद. शेवटी एकूण उत्पादन सुमारे १०३.१ टन पोलाद आणि ६१.९ टन कोळसा इतके वाढवावे लागते.

दोन वस्तू असल्या तर हे पाच मिनिटांचे काम. पण पोलादाला वीज लागते, रेल्वे लागते, विटा लागतात, आणि त्या प्रत्येकाला पुन्हा पोलाद लागते. अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टीफ यांनी अशी समीकरणे एकत्र सोडवण्याची रीत दिली आणि त्यांना १९७३ मध्ये नोबेलही मिळाले. पण योजना बसवणाऱ्या कचेऱ्यांकडे वेळ मोजका असे, म्हणून फेऱ्या पूर्ण करण्याऐवजी ते दोन पळवाटा काढत. एक तर कारखान्याला सांगायचे, तेवढ्याच कोळशात जास्त पोलाद काढा. नाहीतर ज्याचे प्राधान्य कमी, त्याचा वाटा कापायचा. संरक्षण आणि अवजड उद्योग वर असल्यामुळे कात्री बहुतेक वेळा ग्राहकोपयोगी मालावर चालायची. ‘कोणासाठी’ या प्रश्नाचे खरे उत्तर मला या कात्रीत दिसते. दुकानात भाव ठरलेला आणि कमी असायचा, पण माल अपुरा. मग वाटप रांगेने, ओळखीने किंवा नोकरीच्या ठिकाणामार्फत व्हायचे.

दुसरी अडचण लक्ष्य मोजण्याची. लक्ष्य टनांत दिले की कारखाना जाड पत्रा काढतो, कारण पातळ पत्र्याला मेहनत जास्त आणि वजन कमी. पातळ पत्रा हवा असलेला वापरणारा तो जाड पत्रा घासून पातळ करतो. कागदावर योजना पूर्ण, प्रत्यक्षात धातूचा कीस. शिवाय यंदा लक्ष्य ओलांडले तर पुढच्या वर्षी ते वाढणार, हे ठाऊक असल्याने व्यवस्थापक आपली क्षमता लपवतो आणि कच्चा माल गरजेपेक्षा जास्त मागतो. म्हणजे गॉसप्लानच्या तक्त्यात शिरणारा आकडाच मुळात वाकडा. हे लोक आळशी होते म्हणून असे घडले, असे उत्तरपत्रिकेत लिहू नका. दिलेल्या नियमांत ते अगदी शहाण्यासारखे वागत होते.

मिश्र अर्थव्यवस्थेला बहुतेक विद्यार्थी ‘दोन्हींचे गुण’ या एका ओळीत उरकतात. माझ्या मते हा सगळ्यात कमकुवत परिच्छेद असतो, कारण कोणते गुण, कुठल्या वस्तूत, हे त्यात नसते. चीनचे उदाहरण घ्या. १९८० च्या दशकात तिथे दुहेरी भाव होते: सरकारी कारखान्याने ठरलेला कोटा योजनेच्या भावाने द्यायचा आणि त्यावरचे उत्पादन १९८५ पासून बाजारभावाने विकायचे. समजा कोटा १०० टन, योजनेचा भाव ६०० आणि बाजारात १,२००. कारखाना १०१ वा टन काढायचा की नाही, हे १,२०० बघून ठरवतो. म्हणजे वाढीव उत्पादनाचा निर्णय भावाकडे गेला. पण योजनेवर अवलंबून असलेल्या जुन्या ग्राहकाला ६०० चा माल मिळतच राहिला, त्यामुळे तो एका रात्रीत बुडाला नाही.

गळती कुठे झाली असेल, हे आकडेच सांगतात. ज्याच्या हातात वाटपाची चिठ्ठी, त्याने ६०० ने उचलून १,२०० ला विकले की टनामागे ६०० सुटले, एक खिळाही न बनवता. अधिकाऱ्यांच्या या नफेखोरीविरुद्धचा राग १९८९ च्या आंदोलनांमागच्या कारणांपैकी एक होता. पुढे १९९० च्या दशकात योजनेचा हिस्सा आक्रसत गेला आणि बहुतेक मालांचे दोन भाव एक झाले.

सरावासाठी स्वतःची वस्तू निवडताना एक पथ्य पाळा: देशाला लेबल लावण्याआधी तिन्ही प्रश्न त्या वस्तूला वेगवेगळे विचारा. ब्रिटनमधले औषध घ्या. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. कोणते औषध शोधायचे आणि कसे बनवायचे, हे बऱ्याच अंशी खासगी कंपन्या ठरवतात. कोणाला द्यायचे, हे पैशापेक्षा डॉक्टरच्या निर्णयावर ठरते. चिठ्ठीवरच्या औषधाला १९५२ मध्ये शुल्क लागले, १९६५ मध्ये ते काढले आणि १९६८ मध्ये पुन्हा आले, पण अनेक गटांना सूट ठेवून. वस्तू तीच, देश तोच, आणि तरी वीस वर्षांत फक्त तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तीनदा बदलले.